शंभर दिवस भागिले किती? मंगल कार्यालयाचं बुकिंग रजिस्टर वाचताना

समजा तुमच्या प्रबंधाचा विषय गोंदिया जिल्ह्यातली छोटी मंगल कार्यालयं असा काहीतरी आहे. मालकाने भल्या मनाने वर्षाचं बुकिंग रजिस्टर तुमच्या हातात ठेवलं. तुम्ही नोंदी मोजल्या, ३६५ ने भागलं आणि "ऑक्युपन्सी २० टक्के" असं लिहून मोकळे झालात. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न येईल, "२० टक्के म्हणजे कशाचे?" या लेखात त्या एका प्रश्नाचंच उत्तर शोधू. अंशात काय धरायचं, छेदात काय धरायचं, आणि निघालेल्या आकड्याची स्थिर खर्चाशी गाठ कशी घालायची.

आमगाव किंवा अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या गावातलं एक कार्यालय डोळ्यांसमोर आणा. एक हॉल, मागे स्वयंपाकाची जागा, वर-वधू पक्षाच्या चार खोल्या. पुढचे रुपयांचे आणि बुकिंगचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, ते कुठल्या खऱ्या कार्यालयाचे नाहीत. तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण खरी गंमत तारखांतच आहे.

आधी नोंदींचे दिवस करा

रजिस्टर बुकिंगप्रमाणे लिहिलेलं असतं. एक ओळ म्हणजे एक पार्टी: नाव, गाव, कार्यक्रम, ठरलेली रक्कम, बयाना, बाकी. आपल्याला हवे असतात दिवस. म्हणून पहिलं काम हे की एक्सेलमध्ये १ एप्रिल ते ३१ मार्च अशी दर तारखेला एक ओळ करायची, आणि प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी हॉलमध्ये काय होतं ते लिहायचं. आपण २०२३-२४ हे वर्ष घेऊ. त्यात २९ फेब्रुवारी २०२४ येतो, म्हणून ओळी ३६६ होतात. ही बारीक गोष्ट पुढे कामाला येईल.

आता आपल्या रजिस्टरात ७४ नोंदी आहेत असं धरू. ३८ लग्नं, २२ घरगुती कार्यक्रम (साक्षगंध, बारसं, तेरवी, वाढदिवस) आणि १४ सभा, प्रशिक्षणं, कपड्यांचे सेल वगैरे. ३८ पैकी २६ लग्नांनी हॉल आदल्या दिवशी हळदीपासून घेतला होता. म्हणजे या २६ नोंदींनी ५२ दिवस अडवले. उरलेली १२ लग्नं एकेका दिवसाची. लग्नांचे ६४ दिवस, घरगुती २२ आणि सभांचे १४ मिळून बरोबर १०० दिवस.

इथे नियम एकच ठेवा: ज्या दिवशी हॉल दुसऱ्या कुणाला देता आला नसता, तो दिवस भरलेला. हळद संध्याकाळी असते, पण दुपारपासून मांडव आणि आचारी येऊन बसतात. मालक त्या सकाळी सभाही देत नसेल तर तो पूर्ण दिवस गेला. उलट एखाद्या तारखेला सकाळी तेरवीचं जेवण आणि रात्री वाढदिवस असेल, तर नोंदी दोन आणि दिवस एकच. नियम कुठलाही घ्या, पण तो प्रबंधात लिहा आणि वर्षभर तोच लावा.

नोंदी मोजल्या असत्या तर ७४ भागिले ३६६, म्हणजे २०.२ टक्के आले असते. दिवस मोजल्यावर १०० भागिले ३६६, म्हणजे २७.३ टक्के. रजिस्टर तेच आहे, अंश बदलला.

आता छेद

मालक म्हणेल, "अहो, चातुर्मासात कोण लग्न करतं? ते दिवस धरूच नका." बोलणं चुकीचं नाही. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, म्हणून चातुर्मास चार ऐवजी पाच महिन्यांचा झाला. आषाढी एकादशी २९ जूनला होती आणि कार्तिकी २३ नोव्हेंबरला. दोन्ही दिवस धरून १४८ दिवस होतात. ते वजा केले तर छेद ३६६ वरून २१८ वर येतो.

बरेच जण इथे घसरतात. १०० भागिले २१८ करून ४५.९ टक्के लिहितात. पण ते १०० दिवस सगळे हंगामातले नाहीत. चातुर्मासात बारशी होतात, तेरव्या होतात, बँकेची किंवा बियाणं कंपनीची सभा होते. शिवाय आपल्या भागात बौद्ध समाजाची वस्ती मोठी आहे आणि ती लग्नं मुहूर्तावर अडून राहत नाहीत, सोयीचा रविवार पाहून होतात. आपल्या १०० पैकी १९ दिवस चातुर्मासातले आहेत असं धरा. मग हंगामातला दर ८१ भागिले २१८, म्हणजे ३७.२ टक्के, आणि चातुर्मासातला १९ भागिले १४८, म्हणजे १२.८ टक्के.

नियम सरळ आहे: छेदातून जे दिवस काढले, ते अंशातूनही काढायचे. कुणी याच्याही पुढे जाऊन फक्त पंचांगातले मुहूर्ताचे दिवस छेदात घेतले आणि अंशात सगळे ठेवले, तर मुहूर्त ६० आणि भरलेले दिवस १०० असं होऊन ऑक्युपन्सी १६७ टक्के निघू शकते. असा आकडा दिसला की समजायचं, अंश आणि छेद दोन वेगळ्या यादीतून आलेत.

दुरुस्तीसाठी हॉल सहा दिवस बंद होता, ते दिवस काढायचे का? माझं मत, काढू नका. त्या सहा दिवसांचा चौकीदाराचा पगार आणि बँकेचं व्याज थांबलेलं नसतं. आपल्याला शेवटी हा आकडा स्थिर खर्चाशेजारी ठेवायचा आहे, आणि स्थिर खर्चाला सुट्टी नसते. म्हणून मुख्य हिशोबात छेद ३६६ च ठेवा, आणि हंगाम व बिगर-हंगाम अशी फोड वेगळी दाखवा.

लॉजलाही हाच विचार लागू होतो. नवेगाव-नागझिऱ्याला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, तिथली सफारी बंद असते. जंगलाच्या गेटजवळचा लॉज हे ९२ दिवस कुलूप लावत असेल, तर "सुरू असताना किती भरला" यासाठी छेद २७३ दिवस गुणिले खोल्या, आणि "वर्षाचा खर्च निघाला का" यासाठी ३६५ गुणिले खोल्या. दोन प्रश्न, दोन छेद. एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊ नका.

उपलब्ध दिवसामागे उत्पन्न

ऑक्युपन्सीत एक मोठी उणीव आहे. तिच्या लेखी ४०,००० चं लग्न आणि ५,५०० ची सभा सारखीच, दोघंही दिवस भरतात. म्हणून हॉटेलवाले रेव्हपार वापरतात, म्हणजे प्रत्येक उपलब्ध खोलीमागे, ती भरलेली असो वा रिकामी, किती उत्पन्न आलं. हॉल एकच असल्यामुळे आपण खोलीच्या जागी दिवस घेऊ.

आपल्या उदाहरणात हळदीसह लग्न ४०,००० रुपये, एक दिवसाचं लग्न ३०,०००, घरगुती कार्यक्रम ९,००० आणि सभा ५,५००. लग्नांचे १४,००,००० रुपये, घरगुतीचे १,९८,००० आणि सभांचे ७७,०००. एकूण १६,७५,०००.

१६,७५,००० भागिले १०० केलं की भरलेल्या दिवसामागे १६,७५० रुपये. भागिले ३६६ केलं की उपलब्ध दिवसामागे ४,५७७ रुपये. पडताळा म्हणून १६,७५० ला २७.३२ टक्क्यांनी गुणून बघा, पुन्हा तेवढेच येतात. येत नसतील तर दोन ठिकाणी "दिवस" वेगवेगळे मोजले गेलेत.

या १६,७५,००० मध्ये काय नाही, तेही पाहून घ्या. परत द्यायची अनामत उत्पन्न नाही. बयाना ज्या दिवशी आला त्या दिवसाचा नाही, कार्यक्रमाच्या तारखेचा धरायचा, नाहीतर फेब्रुवारीत आलेला मे महिन्याच्या लग्नाचा बयाना चुकीच्या वर्षात जाऊन बसतो. जीएसटी घेतला असेल तर तो वगळायचा. रद्द झालेल्या लग्नाचा जप्त बयाना उत्पन्नात येतो, पण दिवस भरलेला नसतो, म्हणून तो वेगळ्या ओळीत. आणि मालकाच्या भाचीचं लग्न फुकटात झालं असेल तर दिवस भरलेला, उत्पन्न शून्य.

स्थिर खर्च: तो किती, आणि त्याने काय ठरतं

स्थिर खर्च म्हणजे हॉलला कुलूप असलं तरी होणारा खर्च. आपल्या कार्यालयाचा वर्षाचा असा धरू: कर्जाचं व्याज ४,२०,०००, इमारतीचा घसारा २,००,०००, चौकीदार आणि सफाई कामगार २,०४,०००, मालकाच्या स्वतःच्या कामाचा मोबदला १,४४,०००, मालमत्ता कर, विमा आणि अग्निशामक नळकांडी ६०,०००, रंगरंगोटी ९०,०००, आणि महावितरणच्या बिलातला स्थिर आकार ३६,०००. बेरीज ११,५४,०००. भागिले ३६६, रोजचे ३,१५३ रुपये.

यातल्या तीन ठिकाणी थांबायला हवं. वीजबिल सगळंच स्थिर नसतं. बिलावर स्थिर आकार वेगळा छापलेला असतो, तो या यादीत. युनिटप्रमाणे लागणारा वीज आकार आणि वहन आकार बदलत्या खर्चात. दुसरं, कर्जाचा पूर्ण हप्ता इथे टाकू नका. हप्त्यातली मुद्दल हा खर्च नव्हे, आणि घसारा घेतल्यावर मुद्दलही घेतली तर इमारत दोनदा मोजली जाते. महिन्याला रोख पुरते का हा तुमचा प्रश्न असेल, तर हप्ता घ्या आणि घसारा सोडा. तिसरं, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि "आपल्याला कुठे पगार द्यावा लागतो" म्हणतो. पण तो नसता तर माणूस ठेवावाच लागला असता. घसारा आणि मालकाचा मोबदला वगळला तर नफा कागदावर ३,४४,००० ने फुगतो.

आता बदलता खर्च: सफाईचे जादा मजूर, जनरेटरचं डिझेल, पाण्याचा टँकर, विजेचे युनिट. एका लग्नाला ६,५००, घरगुती कार्यक्रमाला १,५००, सभेला ८०० धरू. वर्षाचे २,९१,२०० होतात. उत्पन्नातून हे वजा केलं की १३,८३,८०० उरतात, उपलब्ध दिवसामागे ३,७८१. स्थिर खर्चाच्या ३,१५३ शेजारी ठेवायचा आकडा हा. ४,५७७ आणि ३,१५३ ची थेट तुलना केली तर रोजचे १,४२४ सुटतात असं वाटतं. खरे सुटतात ६२८, वर्षाचे २,२९,८००.

पुढचं वर्ष, आणि फसवणारी वाढ

२०२४-२५ मध्ये चातुर्मास १७ जुलै ते १२ नोव्हेंबर, म्हणजे ११९ दिवसांचा होता. आधीच्या वर्षापेक्षा २९ दिवस कमी. मग लग्नं वाढायला हवी होती? पण २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त आला, आणि उन्हाळ्यातले नेहमीचे मुहूर्त बऱ्याच पंचांगांतून गेले. समजा आपल्या मालकाची पाच लग्नं कमी झाली. त्याने हातपाय हलवून घरगुती कार्यक्रम आणि सभा वाढवल्या. दर तेच, स्थिर खर्चही तेवढाच.

| | २०२३-२४ | २०२४-२५ |
|---|---|---|
| उपलब्ध दिवस | ३६६ | ३६५ |
| लग्नं (हळदीसह + एक दिवस) | २६ + १२ | २४ + ९ |
| घरगुती / सभा | २२ / १४ | ३४ / २५ |
| भरलेले दिवस | १०० | ११६ |
| ऑक्युपन्सी | २७.३% | ३१.८% |
| एकूण उत्पन्न | १६,७५,००० | १६,७३,५०० |
| उपलब्ध दिवसामागे उत्पन्न | ४,५७७ | ४,५८५ |
| बदलता खर्च | २,९१,२०० | २,८५,५०० |
| स्थिर खर्चानंतर उरले | २,२९,८०० | २,३४,००० |

ऑक्युपन्सी साडेचार टक्क्यांच्या अंकांनी वाढली. नुसतं हेच लिहिलं तर "कार्यालयाची स्थिती सुधारली" असा निष्कर्ष निघेल. पण १६ दिवस जास्त भरूनही हातात फक्त ४,२०० रुपये जास्त आले. आणखी एक पाहा: एकूण उत्पन्न १,५०० ने घटलं, तरी उपलब्ध दिवसामागचं ८ रुपयांनी वाढलं. कारण? छेदातला २९ फेब्रुवारी गेला. इतक्या लहान फरकाला "वाढ" म्हणू नका.

हे असं का होतं ते एका नोंदीमागे काय उरतं यावरून कळतं. हळदीचं लग्न ३३,५०० ठेवून जातं, घरगुती कार्यक्रम ७,५०० आणि सभा ४,७००. म्हणजे एक लग्न हुकलं तर ते भरून काढायला साडेचार साक्षगंध किंवा सात सभा लागतात. नुसत्या हळदीच्या लग्नांवर स्थिर खर्च काढायचा म्हटलं तर ११,५४,००० भागिले ३३,५००, म्हणजे ३५ लग्नं हवीत.

याच हिशोबातून मालकाच्या रोजच्या एका प्रश्नाचंही उत्तर मिळतं. ऑगस्टमधल्या मंगळवारी कुणी ३,००० रुपयांत सभेला हॉल मागतो. मालक म्हणतो, "माझा रोजचा खर्चच ३,१५३, परवडत नाही." पण ते ३,१५३ हॉल दिला नाही तरी जाणारच आहेत. सभेमुळे वाढणारा खर्च ८०० आहे. दिवस एरवी रिकामाच राहणार असेल, तर ३,००० घेतल्याने २,२०० हाती लागतात. मे महिन्यातल्या मुहूर्ताच्या दिवशी मात्र तीच सभा ५,५०० देत असली तरी नको, कारण तिच्यामुळे ३३,५०० चं लग्न परत जाऊ शकतं. सरासरी स्थिर खर्चावरून वर्ष निघालं का ते कळतं. एका दिवसाचा कमीत कमी दर त्यावरून ठरत नाही.

रजिस्टर कुठे गप्प बसतं

रजिस्टर खरं आहे का, याची एक स्वस्त तपासणी वीजबिलाने होते. बारा महिन्यांचे युनिट आणि बारा महिन्यांचे भरलेले दिवस शेजारी मांडा. आठ लग्नांच्या महिन्याचे युनिट रिकाम्या महिन्याइतकेच असतील, किंवा रिकाम्या महिन्यात युनिट उसळले असतील, तर काहीतरी नोंदलेलं नाही. आरोप करण्याआधी दोन गोष्टी बघा: बिलाचं चक्र महिन्याच्या १ तारखेला सुरू होत नाही, आणि रीडिंग न मिळाल्यास सरासरी बिल येतं.

दुसरी मर्यादा कुठल्याही तपासणीने भरून निघत नाही. मुहूर्ताच्या तारखेला तीन पार्ट्या आल्या, एकीला हॉल मिळाला, दोघी परत गेल्या. रजिस्टरात एकच ओळ. त्यामुळे त्या दिवसाची मागणी एक होती की तीन, हे रजिस्टरातून कधीच कळणार नाही. "मुहूर्ताचे दर वाढवले तर चालतील का" हा तुमचा संशोधनप्रश्न असेल, तर नुसतं जुनं रजिस्टर पुरेसं नाही. फील्डवर्कच्या सुरुवातीलाच मालकाला एक वेगळी वही द्या, तीन रकान्यांची: विचारलेली तारीख, कार्यक्रम, दिला की परत गेले आणि का. नावं लिहायची गरज नाही. तुळशीच्या लग्नापासून पुढचे दोन-तीन महिने ही वही नीट भरली, तर मुहूर्ताच्या दिवशी किती जण परत गेले हे निदान मोजता येईल.

तेव्हा प्रबंधातल्या तक्त्याखाली या चार ओळी नक्की हव्यात: भरलेला दिवस कशाला म्हटलं, उपलब्ध दिवस किती आणि त्यातून काय काढलं, उत्पन्न कुठल्या तारखेला धरलं, आणि स्थिर खर्चात हप्ता घेतला की व्याज व घसारा. या चार ओळी असतील तर "२० टक्के म्हणजे कशाचे" या प्रश्नाचं उत्तर तक्त्याखालीच सापडेल, आणि सालेकसा किंवा देवरीच्या हॉलचं रजिस्टर घेऊन बसलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला आपला आकडा तुमच्या आकड्याशेजारी ठेवता येईल.